माती रिपोर्ट: कर्ब ३.६० टन वाढला की १.४३? बल्क डेन्सिटीचा हिशोब जुळत नाहीये

रानवाट
नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. पाच वर्षं झाली, दोन मुख्य पिकांच्या मधल्या काळात रान उघडं न ठेवता कव्हर क्रॉप घेतोय, द्विदल आणि गवत मिक्स, आणि ते फुलोऱ्यात आलं की कापून तिथंच आडवं पाडतो. सुरू करायच्या आधी माती तपासून ठेवली होती आणि आता परत त्याच पाच खुणांच्या जागी नमुने काढून त्याच लॅबला दिले. रिपोर्ट आलाय आणि खाली एक ओळ आहे, "सेंद्रिय कर्ब साठ्यातील वाढ ३.६० टन प्रति हेक्टर, बल्क डेन्सिटी करेक्शनसह." मी तेच आकडे घेऊन एक्सेलमध्ये मांडले तर वाढ १.४३ टनच येतेय. फरक किती मोठा आहे बघा, अडीच पट!

पाच जागांची सरासरी देतो, बल्क डेन्सिटी म्हणजे एक घन सेंमी जागेतल्या कोरड्या मातीचं वजन, ग्रॅममध्ये.
पहिल्या वेळी ० ते १५ सेंमी: कर्ब ०.९० टक्के, बल्क डेन्सिटी १.४०. आणि १५ ते ३०: ०.६० टक्के, १.५०.
आता ० ते १५: १.०५ टक्के, १.२८. आणि १५ ते ३०: ०.६२ टक्के, १.४७.

मी नेहमीचंच सूत्र लावलं, कर्ब टक्के गुणिले बल्क डेन्सिटी गुणिले थराची जाडी सेंमीमध्ये, की थेट टन प्रति हेक्टर येतं. आधीचे ३२.४० आणि आताचे ३३.८३. माझं कुठं चुकतंय?

सरळरेघ
तुमचं काही चुकत नाहीये. आयपीसीसी या जागतिक हवामान समितीच्या पद्धतीत ३० सेंमी खोली धरतात, तुम्ही तेच केलंय आणि त्या-त्या वर्षीची बल्क डेन्सिटी लावलीय. तेव्हा १.४३ हेच खरं उत्तर. लॅबनं जुनीच बल्क डेन्सिटी दोन्ही वर्षांना लावलेली दिसतेय, ताळा करून बघा. ३० सेंमी म्हणजे ३० सेंमी, त्यात परत करेक्शन कसलं करायचं?

नवी_पेरणी
माझ्याही रिपोर्टमध्ये कर्ब ०.६२ च आलाय आणि पुढे "मध्यम" लिहिलंय. रानवाट दादा, मग तुम्ही या वेळी खताचा डोस कमी केला का? कर्ब वाढला की नत्र किती कमी द्यायचं ते कुणी सांगेल का, मला पण हेच विचारायचं होतं.

रानवाट
@नवी_पेरणी ताई, हा प्रश्न खताचा नाहीये हो. रिपोर्टात "मध्यम" वगैरे लिहितात ते नुसत्या टक्क्यावरून, खताची शिफारस काढायला. मला एका हेक्टरात एकूण किती टन कर्ब साठलाय आणि तो पाच वर्षांत किती बदलला ते काढायचंय. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो तिकडे.

@सरळरेघ ताळा करून बघितला, बरोबर आहे तुमचं. १.०५ × १.४० × १५ = २२.०५ आणि ०.६२ × १.५० × १५ = १३.९५, बेरीज ३६.००, त्यातून ३२.४० वजा केले की नेमके ३.६०. म्हणजे नवीन टक्का आणि जुनी डेन्सिटी. मग ही सरळ चूकच झाली ना लॅबची?

खोलमाती
मी बारा वर्षं माती लॅबमध्ये काम केलंय, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहिते. लॅबचं उत्तर चुकलंय, पण रानवाट, तुमचंही बरोबर नाही. आणि सरळरेघ म्हणतात तसं लॅबनं आंधळेपणानं जुना आकडा टाकलाय असं मला वाटत नाही, त्यांना काहीतरी बरोबर करायचं होतं, ते अर्ध्यात राहिलं.

आधी तुमच्या १.४३ कडे बघू. पहिल्या वेळी तुम्ही ३० सेंमी खोदलंत तेव्हा त्या भोकातून हेक्टरी किती माती निघाली? वरचा थर १.४० × १५ × १०० म्हणजे २१०० टन, खालचा २२५० टन, एकूण ४३५० टन. आता मुळांनी आणि गांडुळांनी माती भुसभुशीत झाली, डेन्सिटी उतरली, आणि त्याच ३० सेंमीतून निघाली १९२० अधिक २२०५, म्हणजे ४१२५ टन. तब्बल २२५ टन माती कमी! ती कुठं गेलेली नाही, जमीन फुगली म्हणून ती ३० सेंमीच्या रेषेखाली सरकली. तुमची पट्टी तीच राहिली पण जमीन वर उचलली गेली. त्या २२५ टनांत जो कर्ब आहे तो पहिल्या वेळी तुमच्या हिशोबात होता आणि आता नाही. म्हणून ठरावीक खोलीनं मोजलं की माती सुधारणाऱ्याच्या पदरात कमी पडतं.

म्हणून तुलना करायची ती सारख्या खोलीची नाही, सारख्या वजनाच्या मातीची. पहिल्या वेळच्या ४३५० टनांसमोर आताचे ४३५० टनच ठेवायचे.

आता लॅबकडे या. नवीन टक्का गुणिले जुनी डेन्सिटी केलं की आपोआप वजन ४३५० टनच धरलं जातं, म्हणजे हेतू सारख्या वजनाचाच होता. पण कमी पडलेली माती कुठून आणली बघा. वरच्या थरात १९२० टन होते, ते २१०० करायला १८० टन लागले, आणि लॅबच्या हिशोबात ते १८० टन १.०५ टक्क्याचे झाले. तशी माती वर आहेच कुठं? ती येणार १५ सेंमीच्या खालून, आणि तिथं ०.६२ आहे. तसंच खालच्या थरात कमी पडलेली माती ३० च्या खालून यायला पाहिजे, तिथला कर्ब आणखी कमी असणार, तिला लॅबनं ०.६२ लावलाय. थोडक्यात लॅबनं श्रीमंत माती उसनी घेऊन वजन भरलं.

एक प्रश्न, ३० ते ४० चा नमुना काढलाय का तुम्ही?

रानवाट
काढलाय! माती काढायचा ऑगर आत होताच म्हणून पाचही जागांवरून ३० ते ४० ची माती घेतली, सावलीत वाळवून पिशव्यांत ठेवलीय. लॅबला दिली नाही, रिपोर्ट ३० पर्यंतचाच मागितला होता. पण तिची डेन्सिटी नाही घेतली, त्यासाठीची लोखंडी रिंग नव्हती मारली तिथं. आणि पाच वर्षांपूर्वीची त्या खोलीची तर काहीच नाही.

खोलमाती
काही बिघडलं नाही. जुन्या वर्षाची ३० खालची माती लागतच नाही, कारण जुना ४३५० टनांचा हिशोब पूर्ण आहे. आणि आताच्या ३० ते ४० ची डेन्सिटीही लागत नाही, कारण तुम्हाला तिथून किती सेंमी घ्यायचे हे नकोय, किती टन घ्यायचे ते माहितीय, २२५. फक्त टक्का पाहिजे. त्याच लॅबकडून, त्याच पद्धतीनं, त्या पाच पिशव्या करून घ्या. आणि दोन्ही रिपोर्टांवर पद्धत काय लिहिलीय ती ओळ इथं टाका.

बांधावरचा
माझा अनुभव याच्या बरोब्बर उलटा आहे, म्हणून लिहितो. माझ्या एका तुकड्यात कव्हर क्रॉप नव्हतंच, तुलनेला ठेवला होता. ओल्या रानात कापणीचं मशीन दोनदा फिरलं आणि जमीन दाबली गेली. कर्ब तेव्हाही ०.८० आणि नंतरही ०.८०, इकडचा तिकडं नाही. पण डेन्सिटी १.३० वरून १.४२ झाली. हिशोब केला तर ३१.२ टनांचे ३४.१ टन! जवळजवळ तीन टन कर्ब वाढला म्हणे, आणि तोही फक्त टायरनं. मी तेव्हा खूश होऊन चार जणांना सांगितलंही होतं की काही न करता कर्ब वाढला. आज खोलमाती ताईंचं वाचून कळलं की मी ३० सेंमीत जास्त माती कोंबून मोजत होतो.

सरळरेघ
हे उदाहरण पटलं. दाबलेल्या जमिनीत ठरावीक खोली फसवते हे मान्य. पण मग आयपीसीसी ३० सेंमी का म्हणतं? सगळं जग चुकतंय का?

खोलमाती
३० सेंमी हा किती खोलवरचा साठा सांगायचा यासाठीचा ठराव आहे, आणि पहिल्या वेळी तुम्ही ३० च खोदायचं. दुसऱ्या वेळी मात्र त्या पहिल्या ३० सेंमीत जेवढी माती होती तेवढी मोजायची, मग ती आज ३१.५ सेंमीत मावो नाहीतर २९ मध्ये. एलर्ट आणि बेटनी यांनी हे १९९५ मध्येच मांडलंय, नवीन काही नाही. फक्त लॅबच्या फॉर्मात खोलीचा रकाना असतो आणि वजनाचा नसतो, म्हणून मागे पडतं.

रानवाट
रिपोर्ट आला, चार दिवस लागले. ३० ते ४० चा सरासरी कर्ब ०.४५ टक्के. पद्धत दोन्ही वेळी वॉकली-ब्लॅकच, आणि दोन्हीकडे १.३ चा गुणक लावलाय असं लॅबनं फोनवर सांगितलं.

आता असं मांडलं:
वरचे १९२० टन १.०५ नं = २०.१६
पुढचे २२०५ टन ०.६२ नं = १३.६७
राहिलेले २२५ टन ०.४५ नं = १.०१
एकूण ३४.८४, वजा ३२.४०, वाढ २.४४ टन.

बरोबर आहे का ताई? म्हणजे माझं १.४३ आणि लॅबचं ३.६० यांच्या मधोमध.

खोलमाती
अगदी बरोबर. आणि मधोमध आलं तो योगायोग नाही. तुम्ही २२५ टन सोडून दिले होते, लॅबनं ते जास्त कर्बाचे धरले, खरं उत्तर दोघांच्या मध्येच पडणार. तो ३० ते ४० चा नमुना नसता तर लोक खालच्या थराचा ०.६२ च पुढे ओढतात, मग २.८३ आलं असतं. म्हणून म्हणते, दुसऱ्या वेळी नेहमी ठरलेल्या खोलीपेक्षा १० सेंमी खाली जा, ऑगर आत गेलेलाच असतो.

गुणकाचं विचारलं ते बरं केलंत. वॉकली-ब्लॅकमध्ये सगळा कर्ब जळत नाही, साधारण तीन चतुर्थांश जळतो, म्हणून १.३ नं गुणतात. एका वर्षी गुणक लावला आणि दुसऱ्या वर्षी नाही, किंवा मधे लॅबनं ड्राय कम्बशनचं, म्हणजे माती पूर्ण जाळून कर्ब मोजणारं मशीन आणलं, तर तेवढ्यानंच कितीतरी टन वाढ दिसते. चुनखडी असलेल्या मातीत तर मशीन चुन्यातला कर्बही मोजतं.

आता मला खरी काळजी आहे ती १.२८ ची. वरच्या थरात डेन्सिटी १.४० वरून १.२८ ही उतरण मोठी आहे. रिंग कशी मारली, कधी मारली, ओव्हनला किती वेळ ठेवली ते सांगा.

रानवाट
रिंग ५ सेंमी व्यासाची, ५ सेंमी उंच. वरच्या थरात ५ ते १० सेंमीच्या मध्ये मारली, प्रत्येक जागी एक. लॅबनं १०५ डिग्रीला २४ तास ठेवली. एका रिंगची नोंद माझ्याकडे आहे, ओली माती १५२ ग्रॅम, वाळल्यावर १२६. कव्हर क्रॉप पाडल्यावर साधारण तीन आठवड्यांनी सगळे नमुने काढले. पहिल्या वेळी मात्र रान मोकळं होतं, काही नव्हतं.

खोलमाती
रिंगचं आकारमान ९८ घन सेंमी, १२६ भागिले ९८, १.२८ ठीक आहे. कोरड्या वजनानंच भागलंय हे महत्त्वाचं, ओल्यानं भागलं असतं तर १.५५ आलं असतं, आणि असे रिपोर्ट मी हातानं परत पाठवलेत.

पण प्रत्येक जागी एकच रिंग कमी आहे. रिंग मारताना माती कडेनं फुटली, एखादं मुळाचं भोक मध्ये आलं, की ०.०५ चा फरक सहज पडतो. तुमच्या १.४३ च्या पद्धतीत ०.०५ म्हणजे ०.०५ × १५ × १.०५, जवळजवळ ०.८ टनांची चूक. सारख्या वजनाच्या पद्धतीत तीच चूक साधारण ०.४५ टनांवर येते, कारण वर ७५ टन जास्त धरले गेले तर खालून ७५ टन कमी घेतले जातात. चूक जात नाही, पण बोथट होते.

दुसरं, वेळ. पाडल्यावर तीन आठवड्यांत मुळं कुजलेली नसतात. मोठी मुळं २ मिमीच्या चाळणीवर राहतात पण केसासारखी बारीक मुळं खाली उतरतात आणि लॅबमध्ये ती मातीचा कर्ब म्हणून मोजली जातात. पहिल्या वेळी मोकळं रान होतं, तेव्हा ती नव्हती. वरच्या ०.१५ टक्के वाढीतला थोडा भाग हा असू शकतो. पिशव्यांत माती उरली असेल तर पांढऱ्या कागदावर चिमूटभर पसरा आणि भिंगातून बघा, बारीक धागे दिसले तर चिमट्यानं वेचून परत एकदा तपासायला द्या.

रानवाट
आत्ताच बघितलं. दिसतायत हो, तपकिरी धागे, साध्या डोळ्यांना धूळ वाटत होती. वरच्या थराच्या पाचपैकी तीन पिशव्यांत जास्त आहेत. एका चमचाभर मातीतले वेचायला अर्धा तास गेला.

भेगाळ
मधेच विचारतो. माझी जमीन भारी चिकण, उन्हात हातभर भेगा पडतात. रिंग ओलीत मारली तर १.२० येते, वाळल्यावर त्याच ठिकाणी १.४५. मग मी कुठली बल्क डेन्सिटी धरायची? इथं तर पाच वर्षं नाही, दोन महिन्यांतच जमीन फुगते आणि बसते.

खोलमाती
तुमच्यासाठी तर रिंग सोडूनच द्या. पाइपासारखा प्रोब घ्या, तोंडाचा आतला व्यास नीट मोजा, आणि जो गाभा निघेल त्याचे थर कापून प्रत्येक थर आख्खा वाळवून वजन करा. समजा व्यास ४ सेंमी, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ १२.५७ चौरस सेंमी. वरच्या १५ सेंमीतून २४१ ग्रॅम कोरडी माती निघाली, तर २४१ भागिले १२.५७ म्हणजे १९.१७, त्याला १०० नं गुणलं की १९१७ टन हेक्टरी. डेन्सिटीचा शब्दच नाही यात. वेंट आणि हाउजर यांनी २०१३ मध्ये हेच सुचवलंय, नुसतं वजन आणि टक्का. गाभा पाइपात थोडा दबला तरी चालतं, कारण तोंडातून आत आली तेवढीच माती मोजताय. फक्त काहीच सांडू द्यायचं नाही आणि पाइपानं माती बाजूला ढकललेली नको, म्हणून भोकाची खोली आणि गाभ्याची लांबी दोन्ही लिहून ठेवा. फार तफावत दिसली तर तो गाभा टाकून शेजारी दुसरा काढा.

भेगाळ
पण भेगा? प्रोब मी भेगेत थोडाच मारणार, ढेकळातच मारणार. मग भेगांची रिकामी जागा हिशोबात येतच नाही, वजन जास्तच येणार ना?

खोलमाती
हो, तिथं माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. ओल असताना, भेगा मिटलेल्या असताना दोन्ही वेळचे नमुने काढा एवढंच सांगू शकते. वाळलेल्या अवस्थेत काढलेले जुने आकडे असतील तर ते कसे दुरुस्त करायचे यावर लॅबमध्येही आमचं कधी एकमत झालं नाही.

आकडेमोड
सगळं वाचलं. पण २.४४ ही सरासरी आहे, आणि पाच जागांचे वेगळे आकडे कुणीच विचारले नाहीत. रानवाट, प्रत्येक जागेचा फरक सारख्या वजनाच्या पद्धतीनं काढून टाका ना.

रानवाट
काढले, वेळ गेला. पाच जागा अनुक्रमे: +४.१, +०.३, +३.६, −०.८, +५.०.

आकडेमोड
बघा, सरासरी २.४४ च, पण विखुरलेपण किती आहे. प्रमाण विचलन २.५४, पाचच जागा, म्हणून ९५ टक्के खात्रीची कक्षा साधारण ±३.१५. म्हणजे खरी वाढ उणे ०.७ पासून ५.६ टनांपर्यंत कुठेही असू शकते. शून्य त्यात बसतंय. वाढ झाली नाही असं मी म्हणत नाही, पण पाच जागांवरून "झालीच" असं लिहिता येत नाही. त्याच जागांवर परत गेलात हे फार चांगलं केलंत, नवीन जागा निवडल्या असत्या तर कक्षा याहून रुंद झाली असती.

सरळरेघ
मग बाहेरचा काही मापदंड आहे का? पाच वर्षांत कव्हर क्रॉपनं साधारण किती अपेक्षित असतं?

खोलमाती
२०१५ मध्ये पोएप्लाउ आणि डॉन यांनी बऱ्याच प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण केलं, त्यात सरासरी वर्षाला ०.३२ टन हेक्टरी आलं, सरासरी २२ सेंमी खोलीपर्यंत. पाच वर्षांचे १.६. तुमचे २.४४ म्हणजे वर्षाला ०.४९, जास्त आहे पण अशक्य नाही. लॅबचे ३.६० म्हणजे ०.७२, दुपटीहून जास्त, तिथं मी तरी आधी हिशोब तपासला असता. पण तो आकडा सरासरीच आहे, तुमच्या मातीचं बंधन नाही, त्याच्याशी जुळवायला आपले आकडे वाकवू नका.

बांधावरचा
रानवाट, तुलनेचा तुकडा ठेवलाय का? माझ्याकडे तो होता म्हणून तर टायरचा घोळ सापडला. नसेल तर या पाच वर्षांत कव्हर क्रॉप न घेताही कर्ब वाढला असता की घटला असता हे कसं कळणार?

रानवाट
नाही ठेवला. बांधालगत एक पट्टा सुटलाय पण तिथं नमुना आधी घेतला नव्हता. हे राहिलंच.

मुळं वेचून वरच्या थराचे पाचही नमुने परत दिले होते, आज आले. सरासरी १.०५ ऐवजी १.०१. म्हणजे वरच्या थरात १९२० × ०.०४ टक्के, ०.७७ टन मुळांचेच होते. वाढ आता १.६७ राहिली.

खोलमाती
आणि पहिल्या वेळची माती शिल्लक आहे का कुठं? असेल तर ती आणि आताची एकाच दिवशी एकाच बॅचमध्ये लावायला सांगा, पाच वर्षांच्या अंतरानं रसायन आणि माणूस दोन्ही बदललेले असतात.

रानवाट
लॅबला विचारलं. ते म्हणतात नमुने सहा महिन्यांनी टाकून देतात. माझ्याकडे पाचपैकी दोनच जागांची माती बरणीत सापडली, चिठ्ठ्या आहेत, पहिली आणि चौथी जागा. त्या दोन्ही उद्या देतोय, शेजारी आताचे त्याच जागांचे नमुने. रिपोर्टमधली ३.६० ची ओळ मात्र ते बदलायला तयार नाहीत, म्हणतात आमच्या फॉर्मॅटमध्ये करेक्शन असंच आहे. मी ४३५० टनांचा हिशोब कागदावर लिहून त्यांना पाठवलाय, उत्तर आलं की टाकतो.

आकडेमोड
चौथी म्हणजे −०.८ वाली ना? ती नक्की करा. आणि पुढच्या वेळी किमान बारा-पंधरा जागा करा, आत्ताच खुणा करून ठेवा, दरवेळी तिथंच जायचं, पण जुन्या भोकात ऑगर टाकायचा नाही, दोन-तीन फूट बाजूला.